पळस्पे फाट्यावरचा प्रश्न : कोकण नेमके कोठे सुरू होते?

पनवेल शहर मागे टाकून निघालेला जुना मुंबई-पुणे महामार्ग पळस्पे गावाजवळ दुभंगतो. सरळ जाणारी वाट खोपोलीवरून बोरघाट चढून पुण्याकडे जाते, तर उजवीकडे वळणारी वाट पेण, माणगाव, महाडमार्गे गोव्याकडे उतरते. पूर्वी या महामार्गांना अनुक्रमे चार आणि सतरा हे क्रमांक होते. २०१० च्या फेररचनेनंतर ते ४८ आणि ६६ असे झाले. क्रमांक बदलले, तरी चाकरमान्यांच्या लेखी फाट्याचे महत्त्व तेच राहिले. गाडी पळस्प्याला वळली की 'आता कोकणाला लागलो' असे म्हणण्याची पद्धत आहे.

भूगोलाचे पाठ्यपुस्तक मात्र वेगळे सांगते. सह्याद्री आणि अरबी समुद्र यांमधील पट्टी म्हणजे कोकण, अशी व्याख्या केली तर मुंबई, ठाणे, पालघर हे सारे कोकणच ठरते आणि पळस्पे येण्यापूर्वी प्रवासी कित्येक तास कोकणातच असतो. महसुली नोंदीही याला दुजोरा देतात. कोकण विभागात मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सात जिल्हे येतात. मग चाकरमान्याचे कोकण चुकीचे म्हणायचे काय? भूगोलशास्त्राचे उत्तर 'नाही' असे आहे. चाकरमानी आणि पाठ्यपुस्तक एकच शब्द वापरून दोन वेगळ्या प्रकारच्या प्रदेशांबद्दल बोलत असतात.

प्रदेशाचे तीन प्रकार

भूगोलतज्ज्ञ प्रदेशांची विभागणी साधारणपणे तीन प्रकारांत करतात. ज्या भूभागात एखादे वैशिष्ट्य सर्वत्र सारखे आढळते, तो औपचारिक किंवा एकजिनसी प्रदेश होय. भाताचा पट्टा, बसाल्ट खडकाचा प्रदेश किंवा एखादा जिल्हा ही त्याची उदाहरणे. जिल्ह्यात सारखे असणारे वैशिष्ट्य म्हणजे तेथील प्रशासन. एखाद्या केंद्राभोवती माणसे, माल, पैसा आणि निरोप यांच्या ये-जा करण्यातून जो भूभाग बांधला जातो, तो कार्यात्मक प्रदेश. यात सारखेपणा लागत नाही, संबंध लागतो. मंत्रालयातील लिपिक आणि त्याला दूध पोहोचविणारा शेतकरी यांचे जीवन सारखे नसते, पण दोघे एकाच कार्यात्मक प्रदेशात असू शकतात. तिसरा प्रकार जाणिवेतील प्रदेशाचा. लोक ज्याला एक नाव देतात आणि ज्याच्याविषयी त्यांच्या मनात एक चित्र असते, तो हा प्रदेश. त्याची सीमा नकाशावर नसते, बोलण्यात असते.

पळस्पे तिन्ही प्रकारांच्या प्रदेशांत मोडते आणि प्रत्येक वेळी त्याचे शेजारी बदलतात. सीमा कशी आखली जाते, हे पाहण्यासाठी म्हणूनच हे गाव सोयीचे आहे.

कडा एक, रेषा अनेक

औपचारिक प्रदेश आखण्याची पद्धत वरकरणी सोपी आहे. आधी निकष निवडायचा, मग त्याचे प्रमाण ठरवायचे आणि ते प्रमाण जेथे बदलते तेथे रेषा ओढायची. कोकणाच्या बाबतीत भूरूप हा निकष घेतला, तर पळस्प्याहून पुण्याकडे निघालेल्या माणसाला सीमा डोळ्यांनी दिसते. खोपोलीपर्यंत रस्ता सखल भागातून जातो. तेथून घाट लागतो आणि लोणावळ्यास पोहोचेपर्यंत समुद्रसपाटीपासूनची उंची सहाशे मीटरच्या वर जाते. महाराष्ट्रात इतकी ठसठशीत नैसर्गिक सीमा क्वचितच आढळते.

तरीही प्रश्न उरतो. रेषा कड्याच्या पायथ्याशी ओढायची, माथ्यावर, की पाणी ज्या ठिकाणी पूर्व-पश्चिम वाटले जाते त्या जलविभाजकावर? जलविभाजक हा सर्वांत काटेकोर निकष वाटतो. लोणावळा परिसरात उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेकडे वाहत भीमेला मिळते आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. खंडाळ्याच्या दरीतून निघणारी उल्हास नदी अरबी समुद्राची वाट धरते. परंतु येथेही माणसाने हस्तक्षेप केला आहे. लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांचे पाणी टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी कड्यावरून खोपोलीस उतरविले जाते. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. वीज निर्माण झाल्यावर हे पाणी पाताळगंगेत जाते आणि पनवेल परिसराला पाणीपुरवठा करणाऱ्या स्रोतांत पाताळगंगेचा समावेश आहे. निसर्गाने देशाच्या वाट्याला दिलेले पाणी अशा रीतीने कोकणात येते.

निकष बदलला की रेषा आणखी सरकते. पिकांचा नकाशा काढला, तर भाताचा पट्टा घाटमाथ्यावर थांबत नाही. तो मावळात उतरतो आणि पूर्वेकडे पाऊस कमी होत जातो तसतशी ज्वारी-बाजरी भाताची जागा घेते. पावसाचा नकाशाही असाच आहे. पनवेलला मोसमी पाऊस भरपूर पडतो, घाटमाथ्यावर तो आणखी वाढतो आणि पुण्यापर्यंत पोहोचेतो वार्षिक सरासरी सुमारे ७०० मिलिमीटरवर येते. कड्याच्या माथ्यावर पाऊस कमी होत नाही, उलट तेथे तो कळसाला पोहोचतो. म्हणजे पावसाच्या दृष्टीने कोकणचा काठ आणि घाटमाथा एकाच पट्ट्यात मोडतात, पर्जन्यछायेचा प्रदेश त्यापलीकडे सुरू होतो.

चुकीच्या ठिकाणी रेषा ओढली की काय होते, याचे उदाहरण हवामान विभागाच्या नकाशात सापडते. देशाचे ३६ हवामानशास्त्रीय उपविभाग पाडताना जिल्ह्यांच्या सीमा आधारभूत मानल्या गेल्या. त्यामुळे पळस्पे 'कोकण आणि गोवा' या उपविभागात येते, तर लोणावळा पुणे जिल्ह्यात असल्यामुळे 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागात. पुणे शहरात रिमझिम आणि लोणावळ्यात ढगफुटीसारखा पाऊस, अशी स्थिती एकाच जिल्ह्यात वारंवार उद्भवते. एका जिल्ह्याला एकच इशारा दिला, तर तो शहराला अतिशयोक्त किंवा घाटाला अपुरा ठरतो. म्हणूनच अलीकडे पुणे, सातारा, कोल्हापूर यांच्या घाट परिसरासाठी स्वतंत्र इशारे दिले जातात. प्रशासकीय रेषा निसर्गाला लावली होती, ती निसर्गाच्या बाजूने दुरुस्त करण्यात आली.

भूगोलतज्ज्ञ यातून एक नियम काढतात. औपचारिक प्रदेशात एक गाभा असतो, तेथे सर्व निकष एकमेकांशी जुळतात. त्याभोवती संक्रमणाचा पट्टा असतो, तेथे काही निकष जुळतात आणि काही जुळत नाहीत. निरनिराळ्या निकषांच्या रेषा एकमेकींवर ठेवून पाहिल्या आणि त्या एखाद्या ठिकाणी दाटीने जवळ आल्या, तर सीमा खरी आणि पक्की समजावी. त्या विखुरलेल्या असतील, तर रेषेऐवजी पट्टा दाखविणे प्रामाणिकपणाचे ठरते. बोरघाटात भूरूपाची रेषा पक्की आहे, पाऊस आणि पीक यांची मात्र नाही.

ओढ कोठे संपते?

कार्यात्मक प्रदेशाची सीमा शोधताना सारखेपणा नव्हे, तर ओढ मोजावी लागते. पळस्पे मुंबईच्या ओढीत आहे की पुण्याच्या, हा प्रश्न फारसा अवघड नाही. पनवेलला मुंबईच्या उपनगरी रेल्वेचा हार्बर मार्ग पोहोचतो, त्यामुळे रोजच्या नोकरीची दिशा स्पष्ट आहे. परंतु पुण्याकडे निघाल्यावर मुंबईची ओढ नेमकी कोठे संपते आणि पुण्याची कोठे सुरू होते?

यासाठी एक जुने गणित आहे. अमेरिकी अभ्यासक विल्यम रायली यांनी १९३१ मध्ये किरकोळ व्यापाराच्या ओढीचा नियम मांडला. शहर जितके मोठे तितकी ओढ अधिक, आणि अंतर वाढेल तशी ती वेगाने कमी, असा त्याचा आशय. पॉल कॉन्व्हर्स यांनी १९४९ मध्ये त्यावरून दोन शहरांमधील विभाजनबिंदू काढण्याचे सूत्र दिले. मोठ्या शहराच्या लोकसंख्येला लहान शहराच्या लोकसंख्येने भागायचे, त्याचे वर्गमूळ काढायचे, त्यात एक मिळवायचा आणि या संख्येने दोन शहरांमधील अंतराला भागायचे. येणारे उत्तर म्हणजे लहान शहरापासून विभाजनबिंदूचे अंतर.

२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख आणि पुणे शहराची सुमारे ३१ लाख होती. म्हणजे मुंबई पुण्याच्या जवळजवळ चौपट. चाराचे वर्गमूळ दोन, त्यात एक मिळविला की तीन. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते पुणे हे रेल्वेचे अंतर १९२ किलोमीटर आहे. त्याला तीनने भागल्यावर ६४ येतात. पुण्यापासून लोहमार्गाने ६४ किलोमीटरवर लोणावळा आहे. पुण्याहून सुटणारी उपनगरी लोकल लोणावळ्यासच संपते आणि मुंबईची लोकल घाटाच्या पायथ्याशी, कर्जत आणि खोपोलीस.

हे उत्तर पाहून सूत्रावर पूर्ण विश्वास टाकण्याचा मोह होतो, पण तज्ज्ञ येथेच सावध होतात. सूत्राला घाट ठाऊक नाही, त्याला फक्त लोकसंख्या आणि अंतर ठाऊक आहे. लोकल लोणावळ्यास थांबते ती दोन शहरांच्या ओढीतील समतोलामुळे नव्हे. घाटाच्या चढावर गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात, हे त्याचे कारण आहे. दोन कारणांचे उत्तर एकाच ठिकाणी आले एवढेच. निष्कर्ष किती मजबूत आहे, हे पाहण्यासाठी मोजमाप बदलून पाहावे लागते. शहरांऐवजी दोन्हींच्या नागरी समूहांची लोकसंख्या घेतली, म्हणजे मुंबईची १ कोटी ८४ लाख आणि पुण्याची सुमारे ५० लाख, तर बिंदू पुण्यापासून ६६ किलोमीटरवर जातो. म्हणजे फरक अवघा दोन किलोमीटरचा. मात्र लोहमार्गाऐवजी रस्त्याचे सुमारे १५० किलोमीटर अंतर धरले, तर बिंदू पुण्यापासून ५० किलोमीटरवर, कामशेतच्या आसपास सरकतो. लोकसंख्येची व्याख्या बदलल्याने सीमा फारशी हलली नाही, अंतराची व्याख्या बदलताच ती घाटमाथ्यावरून मावळात उतरली. अशा वेळी 'सीमा लोणावळा ते कामशेत या पट्ट्यात आहे' असे म्हणणे अधिक योग्य.

सूत्राहून भरवशाचा मार्ग म्हणजे प्रत्यक्ष ये-जा मोजणे. अमेरिकेत एखादी काउंटी महानगर क्षेत्रात धरायची की नाही, हे ठरविताना तेथील नोकरदारांपैकी किमान २५ टक्के लोक मध्यवर्ती भागाशी रोजच्या कामाच्या प्रवासाने जोडलेले असावेत, हा प्रमुख निकष लावला जातो. आपल्याकडे महानगर प्रदेश कायद्याने अधिसूचित होतो. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण १९७५ मध्ये स्थापन झाले. त्याचे क्षेत्र पूर्वी ४,३५५ चौरस किलोमीटर होते, विस्तारानंतर ते ६,३२८ चौरस किलोमीटर झाले आणि त्यात पेण, अलिबागकडचा भागही आला. ज्या रस्त्याने चाकरमानी 'मुंबई सोडून' जातो, त्याचा मोठा टप्पा कागदोपत्री मुंबईच्या महानगर प्रदेशातच आहे.

पनवेल परिसरात याहूनही रोखठोक उदाहरण आहे. नवी मुंबईच्या विमानतळामुळे भोवतालच्या गावांत बांधकामांचा रेटा वाढणार, हे ओळखून २०१३ मध्ये 'विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र', अर्थात 'नैना' जाहीर झाले आणि नियोजनाचे अधिकार सिडकोकडे देण्यात आले. या क्षेत्राची मूळ कल्पना विमानतळापासून सुमारे २५ किलोमीटरच्या त्रिज्येची होती. पळस्पे या वर्तुळाच्या पुष्कळ आत आहे. विमानतळाचे उद्घाटन २०२५ मध्ये झाले, म्हणजे प्रभावक्षेत्र प्रत्यक्ष प्रभावाच्या बारा वर्षे आधी आखले गेले. जे प्रवाह अद्याप निर्माणच झाले नव्हते, ते मोजणे शक्य नव्हते. म्हणून कंपास वापरावा लागला. प्रत्यक्षात प्रभाव वर्तुळाकार पसरत नाही, तो रस्त्यांच्या आणि लोहमार्गांच्या कडेने लांब पसरतो आणि डोंगर-खाड्यांपाशी आखडतो. त्यातच वर्तुळ गावाच्या शिवारातून जाऊ शकत नाही. अधिसूचनेत गाव एक तर पूर्ण असते किंवा नसते. रेषेच्या अलीकडच्या शेतकऱ्याला घर बांधण्यासाठी एका कार्यालयाची परवानगी लागते आणि बांधालगतच्या पलीकडच्याला दुसऱ्या. भूगोलातील संक्रमणाच्या पट्ट्याला शासकीय कामकाजात जागा नसते. सीमेची किंमत तेथे राहणाऱ्यांना मोजावी लागते, ती याच ठिकाणी.

मनातले कोकण

आता चाकरमान्याच्या कोकणाकडे वळता येईल. जाणिवेतील प्रदेश मोजण्याच्या पद्धती साध्या आहेत. 'तुमचे गाव या प्रदेशात येते काय?' असे थेट विचारणे, ही त्यांपैकी एक. जोसेफ ब्राउनेल यांनी १९६० मध्ये अमेरिकेतील 'मिडवेस्ट' शोधण्यासाठी गावोगावच्या पोस्टमास्तरांना हाच प्रश्न पाठविला होता. दुकानांच्या आणि संस्थांच्या नावांत प्रदेशाचे नाव किती वेळा येते, हे मोजणे ही दुसरी पद्धत. विल्बर झेलिन्स्की यांनी १९८० मध्ये दूरध्वनी निर्देशिकांचा त्यासाठी उपयोग केला. तिसऱ्या पद्धतीत लोकांच्या हाती कोरा नकाशा देऊन सीमा काढायला सांगतात. अनेकांच्या रेषा एकमेकींवर ठेवल्या की बहुतेकांनी आत धरलेला भाग म्हणजे गाभा आणि थोड्यांनीच धरलेला भाग म्हणजे काठ.

मुंबई-गोवा महामार्गावर असा शोध घेऊ पाहणाऱ्याला पहिली अडचण ही येईल की उत्तर विचारणाऱ्यावर नव्हे, तर उत्तर देणाऱ्यावर अवलंबून असते. मुंबईकर पर्यटकासाठी पळस्प्याचे वळण पुरेसे असते. खेड-चिपळूणकडच्या माणसाला कशेडी घाट उतरल्याखेरीज, म्हणजे रायगड जिल्हा संपून रत्नागिरी लागल्याखेरीज, घरी आल्यासारखे वाटत नाही. सिंधुदुर्गातील माणूस तर आपल्या भागाला 'तळकोकण' हे वेगळेच नाव देतो. कोकण रेल्वेचे उत्तर पुन्हा निराळे आहे. तिची हद्द रोह्यापासून सुरू होते, पनवेल ते रोहा हा मार्ग मध्य रेल्वेचा.

अमेरिकी भूगोलतज्ज्ञ डोनाल्ड माइनिग यांनी १९६५ मध्ये सांस्कृतिक प्रदेशासाठी तीन वर्तुळांची मांडणी केली होती. वैशिष्ट्ये दाट असलेला गाभा, ती प्रबळ असलेले क्षेत्र आणि ती तुरळक आढळणारे प्रभावक्षेत्र. ही मांडणी लावली, तर मनातल्या कोकणाचा गाभा रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे, प्रबळ क्षेत्र दक्षिण रायगडापर्यंत आणि प्रभावक्षेत्र पनवेलपासून थेट लालबाग-परळच्या चाळींपर्यंत पोहोचते, असे म्हणता येईल. पळस्पे या मांडणीत गाभ्यात नाही, ते उंबरठा आहे. गावातील मूळ रहिवाशांना मात्र हा उंबरठा जाणवण्याचे कारण नाही. ते कोठे निघालेले नसतात.

मनातील सीमेला कोणी विचारत नाही, असेही नाही. गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या वाहनांना पथकरमाफी देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२२ सह अनेक वर्षी घेतला. ही सवलत केवळ मुंबई-गोवा महामार्गापुरती नव्हती, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि पुढे मुंबई-बंगळुरू महामार्गही तीत आले. कारण कराड किंवा कोल्हापूरमार्गे घाट उतरून गावी जाणारेही बरेच असतात. निकष रस्त्याच्या जागेचा नव्हता, प्रवासाच्या हेतूचा होता. जाणिवेतील प्रदेशाला अशा प्रकारे शासकीय शिक्का मिळाला.

आधी प्रश्न, मग रेषा

या सर्वांवरून सीमा ठरविण्याचा क्रम स्पष्ट होतो. प्रदेश कशासाठी हवा आहे, हे प्रथम ठरते. त्यावरून निकष, निकषावरून मोजमाप आणि शेवटी रेषा. क्रम उलटा झाला की घोटाळा होतो. आधीच आखलेली रेषा उचलून भलत्याच कामाला लावली, की लोणावळ्याच्या पावसासारखी गफलत घडते. प्रशासकीय रेषा तर निसर्गाहून कितीतरी चंचल असतात. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये पनवेल ठाणे जिल्ह्यात नोंदले आहे, पुढे ते कुलाब्यात गेले आणि १९८१ मध्ये कुलाब्याचेच नाव रायगड झाले. पनवेल तालुक्याच्या भूमीत या काळात कोणताही बदल झालेला नव्हता.

मतदारसंघांच्या फेररचनेनंतर, २००९ पासून, पनवेल, उरण आणि कर्जत हे विधानसभा मतदारसंघ मावळ, चिंचवड आणि पिंपरी यांच्यासह मावळ लोकसभा मतदारसंघात आले. महाराष्ट्रातील सर्वांत ठसठशीत नैसर्गिक सीमा या मतदारसंघाच्या मधून जाते. भूरूपाच्या नकाशावर ही चूक वाटेल, पण मतदारसंघाचा निकष लोकसंख्येचा समतोल हा असतो, डोंगर हा नसतो. पळस्प्याचा मतदार पिंपरीच्या मतदाराबरोबर खासदार निवडतो, मुंबईच्या महानगर प्रदेशात राहतो, कोकणच्या पावसाचा इशारा ऐकतो आणि गणपतीत आपल्या दारावरून 'कोकणात' निघालेल्या गाड्यांची रांग पाहतो. यांपैकी एकही सीमा खोटी नाही. कोणती सीमा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, एवढेच तपासून घ्यावे लागते.